धर्मराज अण्णांचा बिनजाहिरातीचा टीव्ही

जाहिरात बघायला कुणी पैसे देत नाही, पण न बघायला देतात, हे मला मोबाईलचं दुकान टाकल्यावर कळलं. कुंभार पिंपळगावात बसस्टँडच्या अलीकडं माझं दुकान आहे. रिचार्ज, फुटलेली काच, चार्जर, आणि कुणी बोलावलं तर घरी जाऊन टीव्हीला नेट जोडून देणं, असा सगळा कारभार. माझं नाव भारत. गावातला माणूस डॉक्टरपुढं जेवढा मोकळा होत नाही तेवढा माझ्यापुढं होतो, कारण त्याचा फोन माझ्या हातात उघडा असतो.

धर्मराज अण्णा माझे गिऱ्हाईक. असं गिऱ्हाईक एकच आहे, हे देवाचे उपकार. मोसंबीची बाग, घरचं विहिरीचं पाणी, गळ्यात माळ, आणि डोक्यात एकच कायदा: पैसे टाकले म्हणजे माल बराबर पाहिजे. एकदा बियाण्याची पिशवी वजनाला जराशी कमी भरली म्हणून हा माणूस ती पिशवी बगलेत मारून दुकानदाराच्या दारात दिवसभर बसला होता. पेरणी राहिली बाजूला. शेवटी दुकानदारानं हात जोडले तेव्हा अण्णा उठले आणि म्हणाले, “पैशाचा सवाल न्हाई, तत्त्वाचा हाय.” पैसे मात्र मोजून घेतले.

हे तत्त्व त्यांनी सगळीकडं लावलं. पोटच्या लेकीलासुद्धा.

अर्पिता त्यांची एकुलती एक. जालन्याला बी.कॉम. झाली, तिथंच एका साडीच्या दुकानात हिशेबाला लागली आणि आमच्याच गावच्या तातेराव गुरुजींच्या सुमितशी तिनं रजिस्टर लग्न केलं. सुमित बियाण्याच्या कंपनीत प्रयोगशाळेत आहे, निर्व्यसनी, बोलायला नरम. तातेराव गुरुजींचं नाव तर अण्णा भर पारावर घ्यायचे, “गुरुजींसारखा माणूस तालुक्यात दावा!” पण गुरुजींच्या घरी बुद्धाची मूर्ती आणि अण्णांच्या घरी विठ्ठलाची. माणूस लाख मोलाचा, पण सोयरीक म्हटल्यावर ते लाखही खोटे ठरले. अण्णांनी लेकीचं नाव घेणं बंद केलं. पोरीच्या आईला, साळूबाई काकूंनाही, घेऊ दिलं नाही. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता, आणि दुकानदार असल्यामुळं तो गिळावा लागला.

आता झालं असं, की त्या साडीवाल्या शेठला अर्पिताचं बोलणं आवडलं. जाहिरातीसाठी बाहेरून पोरगी आणण्यापेक्षा गल्ल्यावरची परवडते, हा व्यापाऱ्याचा साधा हिशेब. त्यानं तिला पैठणी नेसवली, कॅमेऱ्यापुढं उभी केली, आणि ती जाहिरात जालना जिल्ह्यातल्या लोकांना दिसावी म्हणून पैसे भरले. अण्णांचा टीव्ही जालना जिल्ह्यातच होता.

अण्णा रोज संध्याकाळी पाय धुऊन, बुक्का लावून टीव्हीवर कीर्तन लावतात. त्यांचे एक ठरलेले महाराज आहेत. त्या दिवशी शेजारचा कडूबाही येऊन बसला होता. द्रौपदीचं वस्त्रहरण चाललेलं. महाराजांनी आवाज चढवला, द्रौपदीनं धावा केला, आता कृष्ण साड्या पुरवणार एवढ्यात जाहिरात लागली आणि साड्या अर्पितानंच पुरवल्या. कडूबा म्हणाला, “अण्णा, ही तर आपली...” आणि पुढचं गिळून पाणी प्यायला उठला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच अण्णा हजर.

“भारत, त्या जाहिराती बंद होतात म्हणं पैसे टाकल्यावर?”

“होतात. महिन्याची वर्गणी भरावी लागते.”

“भर. सगळ्या बंद कर.”

‘सगळ्या’ म्हणताना ते रस्त्याकडं बघत होते. एका जाहिरातीसाठी सगळ्या बंद करायच्या म्हणजे एका उंदरासाठी घर जाळायचं, पण मी काय बोलणार? मी त्यांच्या फोनवर ते व्हिडिओचं ॲप उघडलं. दोन प्रकारच्या वर्गण्या होत्या, एक हलकी आणि एक पूर्ण.

“अण्णा, हलक्या वर्गणीत बाकीच्या व्हिडिओंच्या जाहिराती जातात, पण गाण्यांवरच्या राहतात. तुम्ही गाणी ऐकता का?”

माळकऱ्याला दारू पिता का म्हणून विचारावं तसा हा प्रश्न त्यांना लागला. “गाणी? ह्या वयात? आम्ही गाणी ऐकणारी माणसं दिसून राह्यलो का तुला? हलकी भर.”

हलकी भरली.

तिसऱ्या दिवशी परत. “पैसे टाकले, माल न्हाई. ती... त्या येऊनच राह्यल्या.”

मी त्यांच्यासोबत घरी गेलो. टीव्ही लावला आणि वर कोपऱ्यात बघितलं तर छोट्या गोलात अर्पिताचा फोटो. कॉलेजच्या गॅदरिंगचा, केसात गजरा. ती घरी होती तेव्हा तिनंच टीव्हीत आपलं खातं टाकलं होतं, आणि ती गेली तरी ते तिथंच राहिलं होतं. ज्या लेकीचं नाव टाकलं होतं तिच्याच खात्यावर अण्णा गेलं वर्षभर कीर्तन ऐकत होते.

“अण्णा, वर्गणी भरली तुमच्या फोनमधल्या खात्यावर. टीव्ही चाललाय दुसऱ्याच खात्यावर. वर्गणी घराची नसते, टीव्हीची नसते, खात्याची असते.”

“दुसऱ्या म्हंजे कुणाच्या?”

मी गोलाकडं बोट केलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हाताला पीठ.

अण्णांच्या फोननं टीव्हीवरचा चौकोन स्कॅन करून मी त्यांचं खातं टीव्हीत टाकलं. आता ॲप उघडलं की टीव्ही आधी विचारणार, कोण बघतंय? दोन गोल. एकात नुसतं ‘ध’ हे अक्षर, दुसऱ्यात अर्पिता.

“ते दुसरं काढून टाक,” अण्णा म्हणाले.

“भारत, आधी च्या घे,” काकू म्हणाल्या. आवाज साधा होता, पण नजर अशी की चहाचा कप हातात जड झाला. मी म्हणालो, “राहू द्या अण्णा, तुम्ही तुमचा ‘ध’ दाबा म्हणजे झालं.” अण्णांनी पुन्हा सांगितलं नाही.

आठवडा बरा गेला. मग एकादशी आली आणि अण्णांनी अभंग लावले. दुसऱ्याच अभंगाआधी जाहिरात. फोनवर अण्णांचा आवाज कीर्तनकारासारखा चढलेला, “तुझ्या कंपनीला लाज न्हाई का रे?” कंपनी माझी नव्हती, पण गावात वस्तू बिघडली की ती ज्यानं लावून दिली त्याची असते.

“अण्णा, अभंग कंपनीच्या लेखी गाणं आहे. हलक्या वर्गणीत गाणी येत नाहीत. मी विचारलं होतं.”

“अभंग गाणं हाय?”

“चाल आहे, टाळ आहे, पेटी आहे. कंपनीला भक्ती कळत नाही, पेटी कळते.”

“आन् महाराजांचं कीर्तन?”

“ते त्यांनी साधा व्हिडिओ म्हणून टाकलंय. ते गाण्यात धरलं नाही.”

अण्णांना देवाच्या नावाला संगीताच्या फडताळात ठेवल्याचं दुःख होतं की पूर्ण वर्गणी भरावी लागणार याचं, ते मी विचारलं नाही. शेवटी म्हणाले, “पूर्ण भर. आता तत्त्वाचा सवाल झाला.”

पूर्ण भरली. फोनवर सगळे अभंग धुतल्यासारखे स्वच्छ वाजले. टीव्हीवर मात्र जाहिरात तशीच. अण्णांचा चेहरा बघून मला बियाण्याची ती पिशवी आठवली. ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायच्या आत मी त्यांच्या घरी पोचलो. दोष फार मोठा नव्हता. टीव्हीनं अण्णांना हलक्या वर्गणीच्या दिवसांत आत घेतलं होतं आणि तो अजून तीच ओळख धरून बसला होता. वर्गणी बदलल्याची खबर त्याला लागली नव्हती. अशा वेळी खातं टीव्हीतून बाहेर काढायचं आणि नव्यानं आत घ्यायचं.

“म्हंजे त्याला जुनंच म्हाईत हाय,” अण्णा म्हणाले.

“हो. नवीन सांगितल्याशिवाय कळत नाही.”

“यडपट हाय मंग.”

काकू आतून बोलल्या, “टीव्हीच न्हाई तसला एकटा.”

मी अण्णांचा ‘ध’ काढला. परत टाकेपर्यंत दोन-चार मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ पडद्यावर एकटी अर्पिता होती. गजरा, हसू, सगळं. अण्णा उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैल विकून दोन वर्षं झाली होती.

त्यानंतर जाहिराती गेल्या. अण्णा गावभर सांगत सुटले, “आपल्या टीव्हीत एकबी जाहिरात येत न्हाई, पूर्ण वर्गणी भरली हाय.” आमच्याकडं शांतता विकत घेतली तरी तिचा बोभाटा करतात.

पुढच्या बाजारच्या दिवशी काकू भाजीची पिशवी घेऊन दुकानात आल्या. फोनचं कव्हर बघायचं निमित्त. मग हळूच म्हणाल्या, “भारत, त्या दुसऱ्या गोलात गेलं की अजून येतात ना रे?”

“येतात काकू. तिच्या खात्यावर वर्गणी नाही.”

“मंग ती येईल ना पक्की?”

“पक्की कसं सांगू? कधी खताची जाहिरात येईल, कधी गुडघ्याच्या तेलाची. नशिबात असली तर साडीची.”

“बसून राहते मंग,” त्या म्हणाल्या. “तेल बघते, खत बघते. मला काय कुठं गाडी गाठायची हाय.”

आणि त्या बसायला लागल्या. दुपारी अण्णा बागेत गेले की काकू अर्पिताचा गोल दाबायच्या, अभंग लावायच्या आणि अभंगाच्या मधल्या जाहिरातींची वाट बघायच्या. जाहिरात वगळायचं बटण आलं तरी दाबायच्या नाहीत. त्या घरात नवरा एका पोरीचं तोंड दिसू नये म्हणून दर महिन्याला पैसे भरत होता, आणि बायको तेच तोंड दिसावं म्हणून दुनियेचं तेल-साबण बघत बसली होती. दोघांनाही मीच शिकवून ठेवलं होतं, म्हणून माझी झोप बिघडली नाही असं म्हणणार नाही.

हे फार दिवस चाललं नाही. एका दुपारी मोटारीचा फ्यूज न्यायला अण्णा अवेळी घरी आले. टीव्हीवर अर्पिता पदराचा काठ दाखवत होती आणि काकू पडद्याच्या इतक्या जवळ बसल्या होत्या, की काठ धरून बघताहेत असं वाटावं. अण्णांचा मला फोन आला, “जल्दी ये.”

मी गेलो तेव्हा काकू भिंतीला टेकून बसलेल्या. अण्णा दारात उभे.

“ते दुसरं खातं काढ. आत्ता.”

या वेळी चहा आला नाही. मी रिमोट घेतला. टीव्हीनं विचारलं, हे खातं या टीव्हीवरून काढायचं का? यंत्रही दोनदा विचारतं. मी काकूंना सांगत राहिलो, “काकू, खातं मिटत नाही हं. फक्त या टीव्हीवरून जातं. तिच्या फोनात तसंच राहतं.” सांगताना मलाच माझी चीड येत होती. मी बटण दाबलं. गजरा गेला, ‘ध’ एकटा उरला.

“घरातून गेली,” काकू म्हणाल्या, “आता टीव्हीतूनबी गेली. झालं समाधान?”

अण्णा फ्यूज न घेताच बागेत गेले.

चार-पाच दिवसांनी मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. “भारतदादा, अर्पिता बोलतेय. आई बरी आहे ना?”

“बरी आहे. का गं?”

“खरं सांग. आजारी हाय का? अभंग बंद झालेत.”

मला आधी कळलं नाही. मग तिनं सांगितलं. टीव्ही तिच्या खात्यावर चालायचा, म्हणजे त्यावर काय बघितलं ते सगळं तिच्या फोनमधल्या इतिहासात उमटायचं. लग्न झाल्यापासून ती रोज जालन्यात बसून तेवढंच उघडायची. संध्याकाळी कीर्तन लागलं म्हणजे बाबा बागेतून आले. कीर्तन अर्ध्यात थांबलं म्हणजे लाइट गेली, नाहीतर झोप लागली. मध्यंतरी कीर्तन बंद झालं आणि दुपारचे अभंग सुरू झाले, तेव्हा आई एकटी बघतेय हे तिनं ओळखलं. फोनवर बोलायची बंदी होती, पण त्या यादीला कुणी बंदी घातली नव्हती, कारण ती आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

“सुमित म्हणतो, तुझ्या फोनवर कीर्तनंच कीर्तनं येतात, तू बुवा होणार,” ती हसून म्हणाली, आणि मग तिला हसता येईना.

मी तिला सगळं सांगितलं. वर्गणी, हलकी, पूर्ण, गोल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “बाबा अजून त्याच महाराजांचं बघतात?”

“दुसरं काय बघणार.”

“बरं,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला. त्या ‘बरं’मध्ये अण्णांचा सूर होता. बियाण्याची पिशवी बगलेत मारून बसणाऱ्याचीच ती लेक.

दसऱ्याच्या अलीकडं एका संध्याकाळी अण्णांचा फोन. “आली! पूर्ण वर्गणी भरून आली! तू ये, बिलकुल आत्ता ये.”

मी गेलो. सवयीनं सगळं तपासलं. गोल ‘ध’चा. वर्गणी पूर्ण, तारीख चालू. खातं ताजं. कुठंच खोट नव्हती. मग म्हणालो, “लावा बघू तेच.”

अण्णांनी त्या दिवशीचं नवीन कीर्तन पहिल्यापासून लावलं. नमन झालं, महाराजांनी पाण्याचा घोट घेतला, आणि टाळकऱ्यांतला एक जण माईकपुढं येऊन म्हणाला, या महिन्याच्या कीर्तनांचं सौजन्य जालन्याचं अमुक साडी सेंटर. आणि अर्पिता आली. डोक्यावरून पदर, कपाळाला बुक्का, हात जोडलेले.

मला सगळं कळलं आणि हसू आवरेना. शेठला तिनं पटवलं असणार, की साड्या घेणाऱ्या बायका कीर्तनालाच बसतात. खोटंही नव्हतं ते.

“अण्णा, ही कंपनीनं मधी घुसवलेली जाहिरात न्हाई. ही महाराजांच्याच लोकांनी व्हिडिओत शिवून टाकलीय. कीर्तनाचाच भाग हाय हा.”

“मंग वर्गणी?”

“वर्गणी कंपनीच्या जाहिराती काढते. कीर्तनातलं काही काढत न्हाई.”

“याच्यावरची मोठी वर्गणी असंल की. होऊ दे खर्चा.”

“न्हाई अण्णा. ह्याला कोणतीच वर्गणी न्हाई. एकच करता येतं. रिमोटचं उजवं बटण दाबलं की पुढं पळतं. दोनदा दाबा, गेली.”

रिमोट त्यांच्या हातात होता. अंगठा उजव्या बटणावर होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या. पडद्यावर अर्पिता दसऱ्याच्या नव्या साड्यांचं सांगत होती आणि अण्णांचा अंगठा हलत नव्हता. ती हात जोडून गेली, टाळ सुरू झाले, महाराजांनी पहिला चरण घेतला. अण्णा ऐकत नव्हते.

“भारत,” ते म्हणाले, “हे मागं पळतं का?”

“कंपनीची जाहिरात असती तर न्हाई पळत. हे व्हिडिओतच हाय ना, हे पळतं. डावं बटण.”

त्यांनी डावं बटण दाबलं. महाराज गेले, अर्पिता परत आली. परत गेली. परत दाबलं.

“बारीक झाली का गं?” अण्णांनी विचारलं. मला नव्हतं विचारलं. दारातून नाक ओढल्याचा आवाज आला.

मग ते माझ्याकडं वळले, घसा खाकरला, आणि मोसंबीचा भाव विचारावा तशा कोरड्या आवाजात म्हणाले, “त्या दुकानाला सुट्टी कोणत्या वारी असती रे?”

मी फोन काढून शोधायला लागलो. माझ्या आधी काकूच बोलल्या.

“सोमवारी. त्या आधीच्या पैठणीच्या जाहिरातीत शेवटी सांगती ती. तुम्ही कधी शेवटापर्यंत बघितली का?”